किल्ली परत देताना लिहायचे चार शब्द

मे महिना संपत आला की पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता या भागांत इमारतींखाली टेम्पो उभे राहू लागतात. शाळा सुरू व्हायच्या आत नव्या घरात बस्तान बसवायचं असतं. गाद्यांच्या वळकट्या, दोरीने बांधलेलं कपाट, कुकरमध्ये कोंबलेल्या वाट्या आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी मांडीवर घेऊन बसणार असलेली तुळशीची कुंडी. या धांदलीत एक काम बहुतेकांचं राहून जातं, ते म्हणजे घरमालकाला लिहायचा निरोप. दोन दिवसांनी आठवण होते, मग फोनवर ‘थँक यू काका, सगळ्यासाठी’ एवढं टाइप होतं आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र जातं. समोरून अंगठा येतो. तीन वर्षांचा शेजार तिथे संपतो.

लिहिणाऱ्याला काही वाटत नसतं असं नाही. अडचण भाषेची असते. ‘मी आपला अत्यंत आभारी आहे’ हे वाक्य मराठी माणसाला सभेतलं वाटतं. रोज जिन्यात भेटणाऱ्या काकूंना ते लिहिलं तर त्याच म्हणतील, ‘अगं, आभार मानून परकं करतेस का?’ घरातल्या माणसांचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही. पण उपकार बोलून दाखवायची रीत मात्र नक्की आहे. ‘त्या रात्री तुम्ही होतात म्हणून निभावलं’ असं आपण सहज म्हणतो. घर सोडतानाचा चांगला निरोप याच वाटेने लिहिता येतो. त्यात आभार हा शब्द एकदाच आला तरी चालतं, मात्र काय केलं ते नाव घेऊन आलं पाहिजे.

दुसरी अडचण पैशाची. मालक आणि भाडेकरू यांच्यात कितीही गोडी असली तरी मध्ये डिपॉझिट असतं. ते परत मिळण्याआधी लिहिलेलं कौतुक लाडीगोडीसारखं वाचलं जातं, आणि हिशेबावरून वाजल्यानंतर लिहिलेलं उपचार म्हणून. म्हणून या निरोपाची खरी तयारी सामान बांधण्याच्या आधीच, हिशेबापासून सुरू होते.

महाराष्ट्रात हा संशय जुना आहे आणि त्याला कायद्याचा इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं. भाडी गोठली, पागडीची घरं पिढ्यान् पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहिली. वाड्यातला भाडेकरू चाळीस वर्षं राहायचा, त्यामुळे निरोपाची वेळच फारशी यायची नाही. पुढे मालकांनी भाडेकराराऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे केवळ राहण्याच्या परवानगीवर घरं द्यायला सुरुवात केली. पण 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला अशा करारावर घरात राहणाऱ्यांना भाडेकरूचाच दर्जा मिळाला. ओळखीच्या माणसालाही घर देताना मालकाचा हात थबकू लागला तो तेव्हापासून. अनेकांनी घरं कुलूप लावून रिकामी ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत.

आजचं चित्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 या कायद्याने घडवलं. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यातलं कलम 24 सांगतं की राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की ताबा मालकाला मिळाला पाहिजे, आणि न देणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्याने सूट दिली आहे, त्यातून तो आला असावा. महाराष्ट्रात मात्र कलम 55 मुळे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.

हे सगळं निरोपाच्या लेखात का सांगायचं? कारण घर सोडल्याची तारीख ही साधी गोष्ट नाही. ताबा कधी दिला, किल्ल्या किती दिल्या, पैसे किती परत मिळाले या तीन गोष्टी लेखी राहिल्या तर दोन्ही घरांना शांत झोप लागते. आणि त्या लेखी ठेवायला स्वतंत्र पावती मागणं ज्यांना जड जातं, त्यांच्यासाठी निरोपाच्या पहिल्या चार ओळी हीच उत्तम जागा आहे.

उदाहरण म्हणून एक घर डोळ्यांसमोर ठेवता येईल. कोथरूडमधली दुमजली इमारत. तळमजल्यावर निवृत्त काका-काकू, वरच्या मजल्यावर नवरा-बायको आणि आता पाच वर्षांची झालेली मुलगी. राहून तीन वर्षं झाली. भाडं 18,000 रुपये, डिपॉझिट 50,000. नवं घर मुलीच्या शाळेजवळ मिळालं. करारात एका महिन्याची नोटीस लिहिलेली होती, म्हणून 30 एप्रिलला काकांना प्रत्यक्ष भेटून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी मेसेजही केला. आधी तोंडी आणि मग लेखी, हा क्रम महत्त्वाचा. ज्यांच्याकडे गणपतीच्या आरतीला जायचं त्यांना घर सोडत असल्याचं फोनच्या पडद्यावरून पहिल्यांदा कळणं बरं दिसत नाही.

मग आला घर बघण्याचा दिवस. तो शेवटच्या दिवशी ठेवणं ही सर्रास होणारी चूक. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत असताना भिंतीवरच्या डागाची चर्चा कधीच नीट होत नाही. या घरात ती आठ दिवस आधी, रविवारी सकाळी चहा घेऊन झाली. काका, काकू आणि भाडेकरू बाई तिघं मिळून खोल्याखोल्यांतून फिरले. तीन वर्षांपूर्वी राहायला येताना काढलेले फोटो बाईंच्या फोनमध्ये होते, ते फार उपयोगी पडले.

तीन गोष्टी निघाल्या. स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ टपकत होता. हॉलचा रंग फिकटला होता. आणि आतल्या खोलीच्या एका भिंतीवर मुलीने मेणाच्या खडूने रेल्वेगाडी काढली होती, डब्यांसकट, दारापासून खिडकीपर्यंत.

वापराने आपोआप होणारी झीज आणि राहणाऱ्याच्या हातून झालेलं नुकसान यांत फरक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा भाडेपट्ट्याबाबत हेच सांगतो की जागा घेतली तशी परत द्यायची, पण वाजवी झीज त्यातून वगळून. लिव्ह अँड लायसन्सच्या बहुतेक करारांतही त्या अर्थाचं कलम असतं. नळाचा वायसर झिजला ती झीज, तो खर्च मालकाचा. तीन वर्षांत रंग फिकटला तीही झीज. रेल्वेगाडी मात्र झीज नव्हे. काकांच्या ओळखीच्या रंगाऱ्याने त्या एका भिंतीचे 2,500 रुपये सांगितले आणि बाईंनी ते मान्य केले.

पुण्या-मुंबईत रंगापोटी एक महिन्याचं भाडं सरसकट कापून घेण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. करारात तसं लिहून दोघांनी सही केलेली असेल तर शेवटच्या दिवशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, तो सहीच्या आधी घालायचा. करारात नसेल तर मात्र मालकाने ते गृहीत धरू नये. वर्षानुवर्षांचं चांगलं नाव या एका कपातीत जातं, असं दोन्हीकडची माणसं सांगतात.

उरलं विजेचं बिल. महावितरणचं बिल रीडिंग घेतलेल्या दिवसापर्यंतचं असतं, त्यामुळे घर सोडलं त्या दिवसापर्यंतचे काही युनिट पुढच्या बिलात येतात आणि ते बिल येतं तेव्हा भाडेकरू गेलेला असतो. उपाय सोपा आहे. 31 मे रोजी मीटरचा फोटो काढला, रीडिंग होतं 8,526. शेवटच्या बिलावर चालू रीडिंग 8,412 छापलेलं होतं. फरक 114 युनिटचा. मागच्या बिलाची पूर्ण रक्कम त्यातल्या युनिटने भागली तर युनिटमागे साधारण दहा रुपये पडत होते, म्हणजे 1,140 रुपये. भिंतीचे 2,500 आणि विजेचे 1,140 मिळून 3,640. डिपॉझिट 50,000, त्यातून हे वजा करून 46,360 रुपये काकांनी त्याच दुपारी बँकेतून पाठवले. कागद एक, आकडे पाच, आणि कुणाच्या मनात काही उरलं नाही.

आता निरोप लिहायला जागा मोकळी झाली. नव्या घरी पहिली रात्र गेल्यावर, सकाळी बाईंनी लिहिला तो असा:

‘काका, काकू, सा. न. वि. वि. काल 31 मे रोजी दुपारी तुमच्या वरच्या घराच्या तिन्ही किल्ल्या काकांच्या हाती दिल्या. डिपॉझिटपैकी वीज आणि भिंतीचे वजा जाता 46,360 रुपये मिळाले. आपला हिशेब पूर्ण झाला. मीटरचा फोटो सोबत पाठवते आहे.

काकू, पहिल्या पावसाळ्यात हिला ताप भरला होता, हे गावाला होते आणि रिक्षा मिळत नव्हती. रात्री साडेअकराला काकांनी गाडी काढली आणि तुम्ही दवाखान्यात पहाटेपर्यंत माझ्या शेजारी बसलात. तेव्हा आम्हाला राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तीन वर्षांत भाडं एकदाच वाढवलंत, तेही दोन महिने आधी सांगून. गच्चीतली गळती सांगितली तर आठवड्यात माणूस आणलात. इथे आल्यावर या शहरात आपलं कुणी नाही असं मला पुन्हा वाटलं नाही, ते तुमच्यामुळे.

गच्चीतला कढीपत्ता मी ठेवून आले आहे. त्याला दोन दिवसांनी एकदा पाणी पुरतं. माझ्या नावाचं काही टपाल आलं तर फोन करा, मी येऊन नेईन. सत्यनारायणाला दोघांनी यायचं आहे, तारीख कळवते. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.’

या मजकुरात अलंकार एकही नाही. पहिल्या परिच्छेदात व्यवहार आहे, कोरडा आणि तारखेसकट. तो आधी आल्यामुळे पुढचं सगळं निर्धास्तपणे वाचता येतं, कारण आता या बाईंना काकांकडून काहीच नको आहे. मधल्या परिच्छेदात तीन प्रसंग आहेत. एक माणुसकीचा आणि दोन न्यायाचे. सहसा लोक पहिल्या प्रकारचेच प्रसंग लिहितात, म्हणजे दवाखाना, दिवाळीचा फराळ, पाठवलेली पुरणपोळी. पण भाडं सांगून वाढवणं आणि गळती वेळेत दुरुस्त करणं ही मालकाची सचोटी आहे, आणि तिची दखल फार कमी वेळा घेतली जाते. ज्याने नियमाने वागवलं त्याला ते नियमाने वागणं दिसलं, लक्षात राहिलं हे कळायला हवं. त्याच्या घरात पुढे येणाऱ्या भाडेकरूलाही त्याचा फायदा होतो.

शेवटच्या परिच्छेदात ‘येऊन नेईन’ आहे. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बाईंनी वेगळं काही सुचवलं नाही, रोजच्या बोलण्यातली तीच रीत पाळली. ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरं आज कुणाला जुनाट वाटतील, पण सत्तरीतल्या काकांना पोस्टकार्डाच्या दिवसांतला नमस्कार त्यांतून पोचतो. मालक आपल्याच वयाचे असतील तर ‘नमस्कार’ पुरे.

हिशेबाचं वाक्य लिहिताना एक काळजी मात्र घ्यायला हवी. पैसे हातात आलेले नसताना भिडेपोटी ‘आपला हिशेब पूर्ण झाला’ असं लिहू नये. फोनवरचा संदेश हा आज पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदींना, ठरलेल्या पद्धतीने प्रमाणित केल्यावर, न्यायालयात जागा आहे. पैसे यायचे असतील तर तेवढंच लिहावं: ‘किल्ल्या आज दिल्या, 46,360 रुपये 10 तारखेपर्यंत देण्याचं आपलं ठरलं आहे.’ कौतुक तोवर थांबवावं. दोन निरोप वेगळे ठेवले की पैशाच्या तगाद्यात प्रेम मिसळत नाही आणि प्रेमाच्या आड तगादा लपत नाही. रक्कम उशिरा आली, थोडी वादात गेली, पण राहणं खरोखर सुखाचं झालं होतं, असंही घडतं. तेव्हा पंधरा दिवस जाऊ द्यावेत आणि मग जे खरंच चांगलं होतं तेवढंच लिहावं. दवाखान्यातली रात्र डिपॉझिटच्या भांडणाने खोटी ठरत नाही.

मालकाने भाडेकरूला लिहायचा निरोप हा तर अगदीच दुर्लक्षित प्रकार. मालकाला वाटतं, आपण घर दिलं, आपण कशाला लिहायचं? पण नव्या शहरात घर शोधणाऱ्या माणसाकडे त्याच्या चांगल्या वागण्याचा कागद नसतो. करार असतो, पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती असते, पण हा माणूस राहतो कसा ते त्यात कुठेच नसतं. जुन्या मालकाच्या पाच ओळी तिथे उपयोगी पडतात, मात्र त्या नेमक्या हव्यात. ‘अतिशय सज्जन कुटुंब’ एवढ्याने नव्या मालकाला काही कळत नाही. काकांनी लिहिलं ते असं:

‘हे कुटुंब जून 2021 ते मे 2024 अशी तीन वर्षं आमच्या वरच्या मजल्यावर राहिलं. भाडं दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत मिळालं. घर स्वच्छ ठेवलं, दुरुस्ती वेळेवर सांगितली. जाताना महिनाभर आधी कळवलं आणि हिशेब चोख केला. आम्हाला पुन्हा घर द्यायचं झालं तर यांनाच देऊ. कुणाला विचारायचं असल्यास मला फोन करावा.’

मुदत, भाड्याची तारीख, घराची निगा, नोटीस, एवढंच त्यात आहे. स्वयंपाकात काय शिजत होतं, पाहुणे कोण यायचे, जात कोणती, नवरा-बायकोचं पटतं का, यांतलं काहीही अशा पत्रात येता कामा नये, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. ‘शुद्ध शाकाहारी, आपल्यातलेच’ हे शब्द ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या कामी येतील कदाचित, पण पुढच्या कुणाच्या तोंडावर दार लावायला तेच शब्द वापरले जातात. भाड्याचं घर शोधताना असे प्रश्न ज्यांना रोज विचारले जातात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काकूंनी स्वतंत्र काही लिहिलं नाही. बाई निघताना त्यांनी दारातच ओटी भरली होती, हातावर दही ठेवलं होतं. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही जशी घराघरांतली रीत, तशी बाईंनी किल्ल्यांबरोबर एक डबाभर बेसनाचे लाडूही खाली दिले होते. काकूंनी ते लक्षात ठेवलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंच्या फोनवर एक फोटो आला. कढीपत्त्याला नवी पालवी फुटली होती, आणि मागे आतल्या खोलीचं उघडं दार दिसत होतं. रंगारी येऊन गेला होता, भिंत पांढरी होती. खिडकीजवळचा रेल्वेचा शेवटचा डबा मात्र तसाच होता. खाली काकूंनी लिहिलं होतं, ‘तेवढा ठेवायला सांगितला. डबा परत न्यायला ये, हिला घेऊन.’